तांबं लाल करून पाण्यात घातलं तर मऊ होतं, मग पोलाद कडक का होतं? आणि पितळ?

मृणाल_पंचवटी

नमस्कार मंडळी. घर बदलताना माळ्यावरून आजीच्या दोन कळश्या एकदमच खाली आल्या, एक तांब्याची आणि एक पितळेची. दोन्हींची उंची सारखी आणि पत्राही हाताला साधारण सारखाच जाड लागतो. तांब्याच्या कळशीला पोटावर मूठ बसेल एवढा पोचा पडला. पितळेच्या कळशीला मात्र नुसता ओरखडा.

तांब्याची घेऊन भांडी बाजारात एका तांबटकाकांकडे गेले. ते म्हणाले, "आधी हिला मऊ करावी लागेल." कळशी भट्टीवर धरून पोच्याभोवतीचा भाग मंद लाल होईपर्यंत तापवला आणि तशीच पाण्याच्या टबात बुडवली. चर्र आवाज झाला, काळे पापुद्रे सुटून पाण्यात तरंगले. मग आतून आधार देऊन लाकडी हातोड्याने पोचा अक्षरशः चार ठोक्यांत वर आणला. शेवटी तेवढ्या भागावर छोट्या हातोडीने ओळीने मठार मारला. म्हणाले, "मठारल्याशिवाय ताठपणा येत नाही, नाहीतर उद्या बोटाने दाबली तरी बसेल."

माझे प्रश्न दोन. सिन्नरला मामाकडे लोहार छिन्नी लाल करून पाण्यात घालायचा ती कडक व्हावी म्हणून, त्याला "पाणी पाजणं" म्हणतात. इथे तेच केल्यावर तांबं मऊ कसं झालं? आणि दुसरं म्हणजे तांबं मऊ, जस्तही काही फार कडक नाही. मग दोघांचं मिळून झालेलं पितळ दोघांपेक्षा कडक कसं?

रसायनवर्ग

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तांब्याच्या अणूंमध्ये मोकळ्या जागा असतात. जस्ताचे अणू त्या जागांत जाऊन बसतात, धातू गच्च भरतो आणि कडक होतो. पोलादातही तेच होतं, लोखंडाच्या फटींत कार्बन बसतो. मिश्रधातू नेहमीच शुद्ध धातूपेक्षा कडक असतो तो यामुळेच.

गोदाकाठची_स्वाती

बरा विषय निघाला. मी मागच्या महिन्यात रविवार कारंज्याजवळून स्टीलचं मोठं पातेलं घेतलं. दुकानदार ३०४ म्हणाला होता, म्हणजे चुंबक चिकटायला नको. तळाला चिकटत नाही, पण काठाच्या वळणावर आणि खालच्या गोलाईवर हलकंसं चिकटतं. मला फसवलं का? भांडं परत करावं का?

सातपूरकर

मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. रोज धातूंची कडकपणाची चाचणी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रसायनवर्ग, तुमचं पोलादाबद्दल बरोबर आहे, पितळेबद्दल नाही. हे वजनावरून तपासता येतं. १०० ग्रॅम तांबं साधारण ११.२ घन सेंमी जागा घेतं. सत्तर-तीस पितळ करायला त्यात ४३ ग्रॅम जस्त लागतं. ते सगळं फटींत मावलं असतं, तर १४३ ग्रॅम वजन तेवढ्याच ११.२ घन सेंमीत बसलं असतं आणि पितळेची घनता १२.८ च्या आसपास, म्हणजे शिशापेक्षाही जास्त भरली असती. प्रत्यक्षात ती ८.५ आहे, तांब्याच्या ८.९ पेक्षा कमीच. म्हणजे जस्ताचा अणू फटीत बसत नाही, तो तांब्याच्या अणूला उठवून त्याच्या जागेवर बसतो. फटीत मावायला अणू फार लहान लागतो. कार्बन तसा आहे, जस्त नाही.

आता कडकपणा म्हणजे काय ते बघू. मृणालताई, लग्नाच्या हॉलमध्ये मोठी सतरंजी अंथरलेली असते. ती हातभर पुढे सरकवायची तर सगळी एकदम ओढली जात नाही, चार माणसं लागतात. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पायाने पुढे ढकलत नेली, तर एकटा माणूस सतरंजी थोडी थोडी सरकवू शकतो. धातू वाकतो तो असाच. अणूंचे थर एकावरून एक अख्खे घसरत नाहीत. थरांच्या रचनेत ठिकठिकाणी सुरकुतीसारखे दोष असतात, ते पुढे सरकतात आणि धातू वाकतो. दोष नसते आणि अख्खा थर एकदम सरकवावा लागला असता, तर तांब्याची कळशी वाकवायला हजारपट जोर लागला असता. गणित आणि प्रत्यक्षातली ही तफावत शास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होती. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी वेगवेगळं काम करून या सरकत्या दोषांची कल्पना मांडली.

आता सतरंजीखाली खडे पसरून बघा. सुरकुती प्रत्येक खड्याशी अडखळेल. जस्ताचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा चारेक टक्क्यांनी मोठा आहे. तो जिथे बसतो तिथे आजूबाजूची रचना किंचित फुगते, आणि सरकणारा दोष तिथे अडतो. जस्त स्वतः कडक आहे की मऊ, याचा इथे संबंधच येत नाही. ते शेजाऱ्यांपेक्षा वेगळ्या मापाचं आहे, एवढंच पुरतं. कथिलाचा अणू तर बराच मोठा, म्हणून तेवढ्याच टक्क्यांत कथील जस्तापेक्षा जास्त कडकपणा देतं.

रसायनवर्ग

घनतेचा हिशेब पटला, हा विचार मी कधी केला नव्हता. पण मग "नेहमी कडक" हे तरी बरोबर ना? जितकं जास्त जस्त तितकं जास्त कडक?

तांबट_घरातला

आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम, मी आता ऑर्डरी आणि हिशेब बघतो. जस्त कितीही वाढवत नेता येत नाही. भांड्याच्या पत्र्यात साधारण तीस-पस्तीस टक्के जस्त असतं, तो पत्रा थंड असताना ठोकून खोलगट करता येतो. चाळीसच्या पुढे गेलं की थंडपणी ठोकताना काठाला चिरा जायला लागतात, तो माल गरम असतानाच घडवावा लागतो. पन्नासच्या पुढे तर नुसतं फुटतं. कडक असेलही, पण त्याचं भांडं होत नाही. काशाचंही तसंच. त्यात वीसएक टक्के कथील असतं. लाल असेल तोवरच ठोकायचं, निवलं की हातोडी थांबवायची. थंड काशाच्या वाटीवर जोरात मारलं तर काचेसारखी तडकते.

मृणालताईंच्या तांबटकाकांनी केलं ते अगदी बरोबर. पण एक सांगतो, तांबं मऊ होतं ते पाण्याने नाही, तापवल्याने. पाणी फक्त लवकर हाताळता यावं आणि काळा पापुद्रा झडावा म्हणून. हवेत ठेवून निवू दिलं तरी तेवढंच मऊ राहतं. माझे आजोबा घाई नसली की पाण्यात घालतच नसत.

मृणाल_पंचवटी

अरे वा, म्हणजे पाण्याचा संबंधच नाही! मी उगाच पाण्याला श्रेय देत होते. पण मग लोहार काय करतो? आणि मठारल्याने ताठपणा येतो तो कसा? त्यात तर काही मिसळलं नाही.

सातपूरकर

मठाराचं आधी सांगतो, कारण तुमच्या कळश्यांच्या फरकाचं खरं गुपित तिथे आहे.

पुन्हा सतरंजी घ्या. एका बाजूने एक सुरकुती ढकलली तर ती सहज जाते. पण दहा मुलं दहा बाजूंनी सुरकुत्या ढकलू लागली, तर त्या मध्यात एकमेकींत अडकतात, गुंता होतो आणि सतरंजी जागची हलत नाही. हातोडीचा प्रत्येक ठोका असे नवे दोष तयार करतो आणि ते एकमेकांना अडवतात. म्हणून न काही मिसळता तांबं ताठ होतं. मंद लाल होईपर्यंत तापवलं की अणूंना हलायला मोकळीक मिळते, गुंता सुटून नवे स्वच्छ कण तयार होतात, आणि तांबं पुन्हा मऊ.

आता आकडे. आमच्याकडच्या यंत्रावर विकर्स मापात मऊ तांब्याची पट्टी साधारण ५० दाखवते आणि मऊ सत्तर-तीस पितळेची ६५ च्या आसपास. बघा, फरक काही डोळे दिपवणारा नाही. नुसत्या जस्ताच्या खड्यांनी एवढंच मिळतं. पण दोन्ही पट्ट्या थंड असतानाच लाटून निम्म्या जाडीच्या केल्या, तर तांबं ११० च्या आसपास थांबतं आणि पितळ १७५ च्या पुढे जातं. जस्तामुळे पितळेतले दोष एका थरातून दुसऱ्या थरात सहज उडी मारू शकत नाहीत, त्यामुळे त्यांचा गुंता तांब्यातल्यापेक्षा जास्त दाट होतो. तुमच्या पितळी कळशीला ओरखड्यावर निभावलं ते नुसतं पितळ होतं म्हणून नाही. ठोकून घडवलेलं पितळ होतं म्हणून. तीच कळशी भट्टीत लाल करून मग माळ्यावरून पाडली असती, तर तिलाही चांगला पोचा आला असता.

स्वातीताई, तुमच्या पातेल्याचं उत्तरही इथेच आहे. ३०४ मध्ये अठराएक टक्के क्रोमियम आणि आठएक टक्के निकेल असतं आणि सपाट पत्र्याला चुंबक चिकटत नाही. पण जिथे पत्रा खूप ओढला आणि वळवला जातो, तिथे ताणामुळे काही भागाची अणुरचनाच बदलते आणि बदललेला भाग चुंबकाला ओढतो. काठ आणि गोलाई म्हणजे नेमक्या सर्वात जास्त ताणलेल्या जागा. त्यामुळे तेवढ्यावरून भांडं परत करू नका.

गोदाकाठची_स्वाती

हुश्श. म्हणजे माझं पातेलं ३०४ च आहे ना?

सातपूरकर

तेही चुंबकावरून ठरत नाही, ताई. निकेल कमी आणि मँगनीज जास्त घातलेलं स्वस्त स्टीलही सपाट भागावर चुंबकाला चिकटत नाही. खात्री करायची तर धातूतली मूलद्रव्यं मोजावी लागतात.

अंबडचा_टर्नर

३०४ चं कडक होणं मी हाताने भोगलंय. नवीन होतो तेव्हा ३०४ च्या पट्टीत भोक पाडताना ड्रिल जोरात फिरवलं आणि दाब कमी दिला. ड्रिल कापायच्या ऐवजी घासत राहिलं. मिनिटभराने त्या जागी चकचकीत गोल डाग पडला, आणि त्यानंतर नवीन ड्रिलसुद्धा तिथे शिरेना. उस्तादांनी शिकवलं की फेरे कमी ठेव, दाब जास्त दे, पाणी-तेल सोडत राहा, आणि कापायला लागलं की मध्ये थांबू नकोस. घासलेला थर प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा कडक होतो, त्याच्या खालून धार गेली पाहिजे. साध्या लोखंडी पट्टीत असं कधी होत नाही.

पण मला लोहाराचं कळलं नाही. मी एकदा घराच्या कामातला सळईचा तुकडा लाल करून बादलीत घातला. नंतर कानस मारली तर आधीसारखीच चालली. काही कडक झालं नाही.

सातपूरकर

तुमच्या तुकड्यात कार्बन कमी होता, बहुतेक पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. पाणी पाजून चांगला कडकपणा यायला निदान चाळीस-पन्नास शतांश टक्का तरी कार्बन लागतो, छिन्नीत पाऊण टक्क्याच्या आसपास असतो.

लोहार करतो ते असं. थंड लोखंडाच्या रचनेत कार्बनला जागा जवळजवळ नसतेच, जास्तीत जास्त ०.०२ टक्के मावतो. पण साधारण ७२७ अंशांच्या वर लोखंड आपली रचना बदलतं आणि त्या नव्या रचनेत कार्बन आरामात बसतो. हळूहळू निवू दिलं, तर जुन्या रचनेकडे परतताना कार्बन बाहेर पडतो, वेगळे थर करून बसतो आणि पोलाद मध्यम कडक राहतं. पाण्यात बुडवलं, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. लोखंड रचना बदलू पाहतं आणि कार्बन आत अडकलेला, त्यामुळे सगळी जाळी ताणली जाते. इथे सतरंजीखाली नुसते खडे नाहीत, सतरंजीच खिळे ठोकून ताणून बसवलेली आहे. विकर्स मापात हे पोलाद ८०० च्या आसपास जातं, म्हणजे मऊ तांब्याच्या पंधरापट.

तांब्यात असा अडकवून ठेवायला कोणी पाहुणा नसतो आणि तांबं तापवल्यावर रचनाही बदलत नाही. म्हणून मृणालताई, भट्टी तीच आणि पाणी तेच, पण आत घडतं ते पूर्णपणे वेगळं.

मात्र एवढं कडक पोलाद ठिसूळ असतं. छिन्नी तशीच वापरली तर पहिल्या घावाला टोक उडेल. म्हणून लोहार टोक घासून चकचकीत करतो, पुन्हा हलकं तापवतो आणि रंगाकडे डोळा ठेवतो. आधी गवती पिवळा येतो, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. छिन्नीला जांभळ्याच्या आसपास थांबवतात. गवती रंग म्हणजे दोनशे तीसेक अंश, निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. थोडा कडकपणा सोडायचा आणि चिवटपणा घ्यायचा.

ओझरचे_काका

मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो. धागा वाचून राहवलं नाही. तांबटाचं पाणी आणि लोहाराचं पाणी झालं, आता आमचं तिसरं पाणी ऐका.

विमानाच्या पत्र्याचं ॲल्युमिनियम शुद्ध नसतं, त्यात चारेक टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम, मँगनीज असतं. त्याच्या रिव्हेट पाचशे अंशांच्या जवळपास तापवून एकदम पाण्यात टाकल्या की त्या मऊ होतात. पण मऊ राहत नाहीत! नुसत्या टेबलावर ठेवल्या तरी तासाभरात कडक व्हायला लागतात आणि पुढचे काही दिवस होत राहतात. म्हणून आम्ही त्या लगेच शीतपेटीत ठेवायचो, लागतील तेवढ्याच बाहेर काढायचो आणि थोड्याच मिनिटांत ठोकून संपवायचो. उशीर झालेली रिव्हेट ठोकली, तर डोकं नीट पसरत नाही आणि कडेला बारीक चीर दिसते. भिंग घेऊन प्रत्येक डोकं तपासायचं आमचं काम होतं. चीर दिसली की रिव्हेट ड्रिलने काढायची आणि नवी घालायची, त्यात चालढकल नाही.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना, १९०६ मध्ये. तापवून पाण्यात घातलेला नमुना त्यांनी मोजला तेव्हा तो मऊच निघाला, आणि दोन दिवसांनी मोजला तर कडक. कारण कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. पाण्यात घातल्यावर तांब्याचे अणू ॲल्युमिनियममध्ये एकेकटे विखुरलेले असतात. मग ते हळूहळू सरकत एकत्र येतात आणि अगदी बारीक चपटे पुंजके करतात. सातपूरकरांच्या भाषेत, सुटे खडे जमून त्यांच्या विटा होतात.

रसायनवर्ग

काका, म्हणजे मिसळलेला धातू तोच, टक्केवारी तीच, आणि कडकपणा फक्त अणू कसे बसलेत त्यावर? मग मी "मिश्रधातू कडक असतो" म्हणालो ते वाक्यच अपुरं आहे. कसा तापवला, कसा निववला, किती ठोकला हेही सांगायला हवं.

ओझरचे_काका

हो बाळा. आमच्याकडे पत्र्यावर मिश्रणाच्या आकड्यापुढे त्याची कशी प्रक्रिया झाली याची खूणही छापलेली असायची. ती न बघता पत्रा उचलला तर काम परत.

मृणाल_पंचवटी

काल रात्री घरी करून पाहिलं. लेकीलाही बसवलं होतं, तिला नववीला हाच धडा आहे.

अर्थिंगची जाड तांब्याची तार घेतली. गॅसवर मंद लाल करून अर्धे तुकडे पाण्यात घातले, अर्धे ओट्यावर निवू दिले. तांबट_घरातला म्हणतात तसंच, दोन्ही सारखेच मऊ, मुलीच्या दोन बोटांनी वाकले. मग वाकवलेला तुकडा सरळ करायला गेलो, तर गंमत झाली. तार वाकवलेल्या जागी सरळ होईना, त्या जागेच्या दोन्ही बाजूंना वाकून तिचा नागमोडी आकार झाला. वाकवलेली जागाच कडक झाली होती! हे मी आजवर शेकडो वेळा पाहिलं असेन, लक्ष कधी गेलं नाही.

मग शिवणाच्या दोन सुया चिमट्यात धरून लाल केल्या. एक ज्योतीतून अगदी हळूहळू वर उचलत निववली, ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. दुसरी पटकन पाण्यात टाकली, ती वाकवायला गेले तर कट्कन तुटली. (डोळ्यांवर चष्मा लावला होता, कोणी करणार असाल तर नक्की लावा, तुकडा उडतो.) साधा खिळा मात्र दोन्ही प्रकारे वाकलाच, टर्नरदादांच्या सळईसारखा.

आता एक शंका उरली. आजीच्या दोन्ही कळश्यांना दरवर्षी कल्हई व्हायची. कल्हईलाही भांडं तापवतातच. मग दरवर्षी त्या थोड्या थोड्या मऊ पडत गेल्या असतील का?

तांबट_घरातला

मला नाही वाटत. कल्हईला भांडं लाल करत नाहीत, कथील वितळून पसरेल आणि नवसागराचा धूर निघेल इतपतच. लाल झालं तर कल्हई जळून पिवळी पडते.

सातपूरकर

कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे भांडं अडीचशे ते तीनशेपर्यंत जात असणार. पितळेला तेवढ्याने फारसा फरक पडू नये. पण खूप ठोकलेलं शुद्ध तांबं त्याच सुमाराला मऊ पडायला लागतं. किती पडेल ते किती ठोकलंय आणि किती वेळ गरम राहिलं यावर आहे. मला वाटतं तांब्याच्या कळशीला थोडा फरक पडत असावा, आणि तिलाच एवढा मोठा पोचा पडला त्यात याचाही वाटा असू शकतो.

तांबट_घरातला

आमचे जुने कारागीर नाही म्हणतील. पण सोमवारी आमच्याकडे कल्हईवाले येतात. एकाच पत्र्याच्या दोन तांब्याच्या पट्ट्या सारख्या मठारून ठेवतो, एकीला कल्हई करवतो, एकीला नाही. सातपूरला कुठे आणून देऊ?

सातपूरकर

व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. पट्टी निदान दोन मिलिमीटर जाड आणि एका बाजूने सपाट ठेवा, मठाराच्या खड्ड्यावर मोजलं तर आकडा चुकतो. आणि जमलं तर पितळेच्याही दोन पट्ट्या आणा.